कमानीचा आडवा रेटा

चाळीस मीटर गाळ्याची, मध्यावर आठ मीटर उंच असलेली एक पोलादी कमान घेऊ. तिचा आकार पॅराबोलाचा, म्हणजे अन्वस्ताचा आहे. दोन्ही टोकांना बिजागऱ्या आहेत. टोके बिजागरीभोवती वळू शकतात, पण जागा सोडू शकत नाहीत. तिच्यावर गाळ्याच्या दर मीटरला 2 टन, असा सारखा भार आहे. एकूण भार 80 टन, म्हणून प्रत्येक आधार 40 टन उचलतो. हे साध्या तराजूच्या हिशेबाने कळते. पण कमान आपली टोके बाहेर ढकलत असते आणि आधार त्यांना आत रेटत असतो. तो आडवा रेटा H किती, हे तराजूचा हिशेब सांगत नाही. दोन्ही टोकांचे रेटे एकमेकांना छेद देतात आणि H कितीही धरला तरी समतोल जुळतो.

इथे इटलीचा अभियंता कार्लो अल्बर्टो कास्तिल्यानो मदतीला येतो. त्याने 1873 मध्ये तुरिनला सादर केलेल्या प्रबंधातला विचार असा: भाराखाली वाकताना रचनेत ऊर्जा साठते, तिला विकृती ऊर्जा म्हणू. ही ऊर्जा H बदलला की कोणत्या वेगाने बदलते ते काढले, तर H च्या दिशेने टोक किती सरकले ते मिळते. आपले टोक सरकतच नाही. म्हणून तो वेग शून्य हवा, आणि ज्या H ला ऊर्जा सर्वांत कमी, तोच खरा H.

आता आकडे घालू. कमानीऐवजी सरळ तुळई असती, तर मध्यावर 400 टन-मीटर बेंडिंग मोमेंट आला असता. तुळईचा मोमेंट टोकांकडे शून्यापर्यंत उतरतो, आणि तोही अन्वस्ताच्याच वळणाने. म्हणजे कमानीची एखाद्या जागची उंची y असेल, तर तिथला तुळईचा मोमेंट बरोबर 50y येतो. मध्यावर 50 गुणिले 8, म्हणजे 400. आडवा रेटा त्यातून Hy एवढा मोमेंट वजा करतो. उरतो तो असा:

M = (50 − H) y

वाकण्याची ऊर्जा M² च्या प्रमाणात असते, म्हणून संपूर्ण कमानीची बेरीज (50 − H)² च्या पटीत येते. H 50 टन असताना ती सर्वांत कमी, नव्हे, शून्यच होते. कोणत्याही गाळ्यासाठी हेच सूत्र:

H = wL² / 8h

यात w म्हणजे दर मीटरचा भार, L गाळा आणि h मध्यावरची उंची. कमान कुठे जाड, कुठे बारीक, याचा या उत्तराशी संबंध राहत नाही, कारण मोमेंट सगळीकडेच नाहीसा झाला आहे. पुस्तकांत जाडी ठरावीक रीतीने बदलते असे गृहीत धरतात, ते गणित सोपे व्हावे म्हणून. या भाराला त्याची गरज नाही. कमान दाबाने किंचित आखूड होते, तेही हिशेबात घेतले तर H 50 च्या जरासा खाली येतो.

खरी परीक्षा भार अर्धाच असताना होते. डाव्या अर्ध्या गाळ्यावरच भार ठेवला, तर H निम्मा होतो, 25 टन. कारण उजव्या अर्ध्याचा वाटाही तेवढाच आणि दोन्हींची बेरीज 50. डावीकडून दहा मीटरवर कमान 6 मीटर उंच आहे. तिथे तुळईचा मोमेंट 200 टन-मीटर, रेटा वजा करतो 25 गुणिले 6, म्हणजे 150. उरले 50. उजवीकडे त्याच जागी 100 वजा 150, म्हणजे उलट दिशेने 50. भार निम्मा झाला आणि जिथे वाकणे नव्हते तिथे ते आले. डावी बाजू खाली दबते, उजवी वर फुगते.

आधार सरकण्याचेही तसेच. आपल्या कमानीच्या छेदाचा I मध्यावर 0.01 मीटर⁴ असेल आणि टोकांकडे पुस्तकी रीतीने वाढत असेल, तर टोकांमधले अंतर एक सेंटिमीटर वाढल्यावर H सुमारे दीड टनाने कमी होतो. ऐकायला किरकोळ, पण 8 मीटर उंचीमुळे मध्यावर सुमारे 12 टन-मीटर मोमेंट उभा राहतो. मध्य खचतो, आणि कमान काँक्रीटची असेल तर तिथे खालच्या अंगाला भेगा दिसू लागतात. कमानीखालची माती भरवशाची नसेल तर हा आकार निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रान्समधल्या गाराबी पुलाची 165 मीटरची लोखंडी कमान 1884 मध्ये पूर्ण झाली, आयफेलच्या कंपनीने बांधलेली. तिलाही दोनच बिजागऱ्या आहेत. बाजूने पाहिली तर ती चंद्रकोरीसारखी मध्यावर जाड आणि टोकांशी निमुळती दिसते, कारण बिजागरीत मोमेंट शून्य असतो आणि अर्ध्या गाळ्यावर आलेल्या गाडीने होणारे वाकणे मधल्या भागालाच पेलावे लागते.