रविवारचे ३९० व्यवहार

तालुक्याच्या गावातली एका सहकारी बँकेची शाखा घेऊ. एरवी रोज साधारण ४०० यूपीआय व्यवहार, मंगळवारी आठवडी बाजार म्हणून ९००, रविवारी जेमतेम १८०. अचानक व्यवहार वाढले तर कळावं म्हणून संगणकाला सांगून ठेवलंय: मागच्या सात दिवसांची सरासरी काढ आणि आजचा आकडा तिच्या दुप्पट झाला की इशारा दे. रोज एक जुना दिवस गळतो, एक नवा येतो, म्हणून ही सरकती सरासरी.

इथे ती येते ४४०, म्हणजे मर्यादा ८८०. परिणामी दर मंगळवारी इशारा वाजणार, आणि महिन्याभरात त्याच्याकडे कोणी बघेनासं होणार. याहून वाईट म्हणजे एखाद्या रविवारी ३९० व्यवहार झाले, नेहमीच्या दुपटीहून जास्त, तरी संगणक गप्पच राहणार. माझ्या मते दोष सरासरीचा नाही, तुलनेचा आहे. रविवार रविवारशीच ताडून पाहायला हवा.

मागचे आठ रविवार असे: १७५, १८२, १७८, १९०, १६८, १८५, १८०, १८२. सरासरी १८०. आकडे तिच्यापासून सहसा किती लांब जातात ते प्रमाण विचलन सांगतं. इथे ते सुमारे ६ आहे. सरासरीत त्याची तिप्पट मिळवली की मर्यादा साधारण २०० होते, आणि ३९० लगेच पकडले जातात. पण मग २०५ व्यवहारांनाही इशारा येईल, आणि त्यात काही विशेष नाही. म्हणून आणखी एक अट घालावी: वाढ निदान ३० टक्के, म्हणजे आकडा २३४ च्या वर हवा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच इशारा.

तपासायचा दिवस स्वतःच्या सरासरीत धरायचा नाही, हे बहुतेकांना सुचतं. पुढच्या रविवारी काय होतं, ते मात्र सहज निसटतं. आता ते ३९० मागच्या आठांत जाऊन बसलेले असतात. सरासरी २०७ वर चढते, विचलन ७० च्या घरात जातं आणि मर्यादा पोचते थेट ४१५ ला. त्या दिवशी पुन्हा ३९० व्यवहार झाले तर इशारा येतच नाही! यावर उपाय म्हणजे पकडलेला दिवस हिशेबातून वगळायचा, किंवा सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा आणि विचलनाऐवजी मध्यकापासूनच्या अंतरांचाही मध्यकच. चढत्या क्रमाने लावलेल्या या आठ आकड्यांचा मध्यक १८२ च राहतो. एका वेड्या आकड्याने तो फारसा हलत नाही.

दिवाळीला वार जुळवूनही भागत नाही. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीची तीच तारीखही कामाची नाही. धनत्रयोदशीची तुलना धनत्रयोदशीशीच करावी लागते आणि सणांची यादी हातानेच भरावी लागते.

एवढं करूनही आकडा कारण सांगत नाही. ते ३९० व्यवहार कदाचित गावच्या जत्रेचे असतील, कदाचित एकच फाइल दोनदा चढली असेल. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. इशारा आल्यावर आधी हे क्रमांक दोनदा आलेत का ते पाहावं, आणि नसतील तर पैसे कोणत्या खात्यांत, किती वाजता गेले ते.