आता आभारप्रदर्शन

सूत्रसंचालक ‘आता आभारप्रदर्शन’ म्हणतो आणि मागच्या रांगेतल्या खुर्च्या सरकू लागतात. कुणाला एसटी गाठायची असते, कुणाचा डोळा प्रमाणपत्रांच्या टेबलावर असतो. चर्चासत्रांमध्ये हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच येत आलंय. (मराठी विभागाचा माणूस म्हणजे सूत्रसंचालन नाहीतर आभार, दुसरं काय!) त्यामुळे हाताशी तीनच मिनिटं आहेत, हे धरूनच मी लिहायला बसतो. हाताने लिहिलेलं फार तर दीड पान.

त्या दीड पानात मुख्य घोळ क्रमाचा होतो. निमंत्रणपत्रिका समोर ठेवून वरून खाली नावं वाचत गेलं की उद्घाटक पहिले येतात. पण ते सकाळीच परत गेलेले असतात आणि समोर बसलेले समारोपाचे पाहुणे वाट पाहत राहतात. म्हणून आधी आत्ता व्यासपीठावर असलेले, मग सकाळचे उद्घाटक आणि बीजभाषक, मग सत्राध्यक्ष आणि निबंधवाचक, नंतर अनुदान देणारे, संस्थाचालक, प्राचार्य, आणि शेवटी राबणारे हात व श्रोते, असा माझा क्रम असतो. अध्यक्ष आधी की प्रमुख पाहुणे आधी, यावर दोन मतं आहेत. मी एवढंच पाहतो, की अध्यक्ष बाहेरून आलेत की आपल्याच संस्थेचे आहेत. बाहेरचे असतील तर पहिला मान त्यांचा. संस्थेचेच असतील तर ते यजमान झाले, आणि पाहुण्याच्या आधी यजमानाला पान वाढत नाहीत.

‘घरच्यांचे आभार मानायचे नसतात’ हे वाक्य मात्र जपून वापरावं. प्राचार्यांना ते चालतं. पहाटे सभागृह झाडणाऱ्या सेवकांच्या बाबतीत ते म्हटलं, की त्यांची नावं घ्यायचीच राहून जातात.

क्रम बरोबर असूनही आभार कोरडे होतात, ते विशेषणांमुळे. ‘विद्वत्ताप्रचुर, ओघवतं, मार्गदर्शनपर भाषण’ हे कुणालाही चिकटवता येतं. त्यापेक्षा प्रत्येकाची त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलेली एकेक गोष्ट सांगावी. मी दिवसभर खिशात छोटी वही ठेवतो आणि दिसेल ते टिपतो. भाषणांचा सारांश त्यात नसतो. तो समारोपात होऊन गेलेला असतो.

समजा, तालुक्याच्या गावात बोलीभाषांवर एक दिवसाचं चर्चासत्र आहे आणि समारोपाला संस्थेचे अध्यक्ष आहेत. मग कागद असा होईल (जिथे पद आहे तिथे नाव घालायचं):

“अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने. समारोपाचे प्रमुख पाहुणे सर, तुम्ही दुपारीच येऊन मागच्या बाकावर बसून शेवटचं सत्र ऐकलंत, मुलांशी बोललात; आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. अध्यक्ष साहेब, आपण पूर्ण वेळ दिलात, आपल्याविषयी कृतज्ञता व्यक्त करतो. सकाळी उद्घाटन करणाऱ्या मॅडम आता प्रवासात असतील. त्यांनी आजीच्या तोंडचे जे शब्द सांगितले, ते जेवणाच्या पंगतीतही चालू होते. रात्रीची गाडी धरून आलेले बीजभाषक सर, दोन्ही सत्रांचे अध्यक्ष आणि सर्व निबंधवाचक यांना धन्यवाद. प्राचार्य सरांनी तारीख दोनदा बदलू दिली, आणि तीही न रागावता! वीज गेली तेव्हा पाच मिनिटांत जनरेटर सुरू करणारे आमचे सेवक मामा, ध्वनिक्षेपकवाले दादा, स्वयंपाकाच्या मावशी आणि कालपासून रांगोळीत असलेल्या विद्यार्थिनी यांच्यामुळे आजचा दिवस पार पडला. आणि शेवटपर्यंत थांबलेल्या आपणा सर्वांचे आभार.”

यात ‘आभार मानतो’ दर ओळीला येत नाही. आभारी आहोत, कृतज्ञता, धन्यवाद असे शब्द फिरवले आहेत, आणि सेवकांच्या ओळीत तर आभार हा शब्दच नाही.

हा कागद आदल्या रात्री पक्का करू नये. एका चर्चासत्रात सत्राध्यक्ष ऐनवेळी बदलले आणि माझ्या कागदावर पत्रिकेतलंच नाव राहिलं. न आलेल्या गृहस्थांचे मी भरसभेत आभार मानले. सत्र चालवलेले गृहस्थ समोर पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. तेव्हापासून दुपारच्या चहाला मी कागद घेऊन सूत्रसंचालकाजवळ जातो आणि नावं, पदं, ‘डॉ.’ की ‘प्रा.’, सगळं ताडून घेतो. तरीही एखादं नाव राहिलंच आणि कुणी चिठ्ठी पाठवली, तर ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये ते लोटू नये. ‘एक महत्त्वाचं नाव माझ्याकडून राहिलं’ म्हणून सरळ घ्यावं.

प्रमाणपत्रं कुठे मिळतील ही सूचना मी कागदावर लिहीत नाही. ती राष्ट्रगीतानंतर द्यायला सूत्रसंचालकाला बजावून ठेवतो. आभाराच्या आधी ती दिली, की ऐकायला फक्त व्यासपीठ उरतं.