धरून ठेवलेला पंचम

सायंकाळी आजी स्तवन गातात आणि बारा वर्षांची नात की-बोर्डवर साथ करते. आरंभी ती आजींच्या चालीतील प्रत्येक स्वर शोधत राही. आजी पुढच्या ओळीवर जात, तरी नात मागच्याच शब्दावर अडकलेली असे. अखेर आजी तिच्यासाठी मध्येच थांबू लागल्या. तेव्हा संवादिनी वाजवणाऱ्या काकांनी नातीला चाल वाजवणेच बंद करावयास सांगितले.

प्रथम त्यांनी वाद्याचा आवाज बदलला. पियानोचा स्वर पट्टी दाबून ठेवली तरी विरत जातो. आधारस्वर मात्र अखंड हवा. म्हणून हार्मोनियमचा आवाज निवडला. आजींचा षड्ज काळी पाचचा. ट्रान्सपोज दोन घरे खाली उतरवल्याने नातीला पांढरी एकलाच ‘सा’ मानून वाजवता आले. डाव्या हाताची करंगळी ‘सा’वर आणि अंगठा त्यावरील ‘प’वर ठेवून आठवडाभर तिने एवढेच वाजवले. आजींचे शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू आले नाहीत, तर आवाज कमी करावयाचा, हा नियम होता.

त्यानंतर उजव्या हाताच्या दोन कॉर्ड आल्या. पहिली सा-ग-प, अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांनी. दुसरी मंद्र नि-रे-प. तिच्यासाठी करंगळी ‘प’वरच राहते, अंगठा ‘सा’वरून शेजारच्या ‘नि’वर सरकतो आणि तर्जनी ‘रे’वर येते. त्याच क्षणी डाव्या हाताची करंगळी ‘सा’वरून उचलावी, कारण ‘सा’ आणि ‘नि’ एकत्र वाजले की ते एकमेकांशी भांडतात. पंचम दोन्ही कॉर्डमध्ये आहे. तो दोन्ही हातांनी धरलेलाच राहतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे कॉर्ड बदलताना सगळीच बोटे उचलणे. मग क्षणभर शांतता पडते आणि गाणाराचा आधार तुटतो.

कॉर्ड केव्हा बदलावी? केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर गळा कोठे आहे, ते ऐकावे. ‘सा’, ‘ग’ असल्यास पहिली, ‘रे’, ‘नि’ असल्यास दुसरी. ‘प’ असल्यास आधीचीच चालू ठेवावी. काकांनी सरावासाठी सोळा मात्रांची ओळ दिली: सा रे ग ग, रे ग रे –, रे रे सा नि, सा – – –. चार मात्रांच्या गटांना अनुक्रमे पहिली, दुसरी, दुसरी, पहिली कॉर्ड लागते. मधल्या प्रत्येक स्वरामागे धावू नये.

ही रीत शुद्ध स्वरांच्या सरळ चालींपुरतीच आहे. भैरवीतील कोमल ‘रे’पुढे दुसरी कॉर्ड बेसूर लागते, तेथे केवळ सा-प धरावा. मालकंसात पंचमच वर्ज्य असल्याने सा-म धरावा.

आता आजी थांबत नाहीत. कॉर्ड चुकली, तरी नातीची करंगळी ‘प’वर असते आणि आजी त्याच सुरावर पुढची ओळ उचलतात.