दोन नोंदींमधला फरक

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत निर्जल सोडियम कार्बोनेटची पूड उघड्या भांड्यात घालून अ‍ॅनालिटिकल बॅलन्सवर ठेवली, तर आकडा स्थिर होत नाही. हा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो आणि पूड हवेतले पाणी शोषत असते. त्यामुळे शेवटचा आकडा सावकाश वर सरकत राहतो.

अशा पदार्थाचे वजन फरकाने काढतात. घट्ट काचेच्या बुचाच्या लहान बाटलीत पूड घेऊन ती साधारण २७० अंश सेल्सिअसला वाळवतात आणि डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ देतात. समजा, बंद बाटलीचे वजन २४.८३१६ ग्रॅम भरले. बूच काढून थोडी पूड चंचुपात्रात ओतली, लगेच बूच लावले आणि पुन्हा वजन केले, तेव्हा २४.५६६२ ग्रॅम भरले. म्हणजे पात्रात ०.२६५४ ग्रॅम पूड गेली. पात्रातली पूड आता दमट झाली तरी बिघडत नाही, कारण ती पुढे पाण्यातच विरघळवायची असते. जपायचे ते बाटलीत उरलेल्या पुडीला. तिने मध्येच पाणी घेतले, तर दुसरे वजन वाढते आणि पात्रात गेलेली पूड कमी भासते. पूड आधीच ओली असेल, तर ती चूक मात्र फरक काढून जात नाही.

तराजूचा शून्य थोडा सरकलेला असला, पण दोन्ही नोंदींत सारखाच सरकलेला असला, तर वजाबाकीत तो निघून जातो. हवा प्रत्येक वस्तूला किंचित वर उचलते. बाटलीवरचे ते प्लावक बलही तसेच निघून जाते. उरते ते फक्त ओतलेल्या पुडीवरचे. आपल्या उदाहरणात त्याने सुमारे ०.०९ मिलिग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे शेवटच्या आकड्याहूनही कमी. पण १०० ग्रॅम पाणी तोलताना हाच फरक सुमारे १०५ मिलिग्रॅम होतो. म्हणून मापन फ्लास्कची क्षमता पाण्याच्या वजनावरून तपासताना ही दुरुस्ती करावीच लागते.

आकडा का हलतो, हे त्याच्या चालीवरून ओळखता येते. बूच लावताच चढ थांबला, तर कारण ओलावा. बूच बंद असूनही आकडा चढत जाऊन हळूहळू स्थिरावला, तर बाटली अजून गरम आहे: तिच्याभोवतीची गरम हवा वर जाताना तिला उचलून धरते, म्हणून ती आधी हलकी भरते. आणि तीच बाटली प्रत्येक वेळी वेगळे वजन दाखवत असेल, तर स्थितिक विद्युतप्रभाराचा संशय घ्यावा. कोरड्या हवेत काच किंवा प्लास्टिक कापडाने पुसले की प्रभार साचतो आणि तराजूच्या भिंतींशी ओढाताण सुरू होते. अशा वेळी बाटली पुसून लगेच ठेवू नये. आयोनायझरसमोर धरावी किंवा प्लास्टिकऐवजी धातूचे भांडे वापरावे.