फेविक्विकने बोटं चिकटली तर…

बोटं ओढून वेगळी करू नका. गोंदाआधी कातडी फाटते. सोसवेल इतक्या कोमट, साबणाच्या पाण्यात हात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. कडेचा गोंद पांढरट होऊन सुटू लागला, की बोथट चमच्याचा दांडा फटीत घालून हळूहळू फिरवा.

तरीही सुटलं नाही, तर हात कोरडा करून अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर कापसाच्या बोळ्याने फक्त जोडावर लावा. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. नंतर हात धुऊन खोबरेल तेल लावा.

डोळे, ओठ किंवा जखमेवर अ‍ॅसिटोन कधीच वापरू नका. पापण्या चिकटल्यास थेट डॉक्टरांकडे जा.