छाती जुळते, खांदा उतरतो

तयार कुर्त्याच्या गळ्याशी शिवलेली ती चिमुकली पट्टी एस, एम, एल, एक्सएल यांपैकी एक अक्षर सांगते आणि गप्प बसते. ते अक्षर मुख्यतः एकाच मापावर बेतलेलं असतं: छातीचा घेर. खांदा, दंड, कंबर, बाहीची लांबी, कुर्त्याची उंची ही बाकीची मापं त्या छातीवरून कंपनीने गृहीत धरलेली असतात. ज्यांचं शरीर त्या गृहीतकाच्या आसपास आहे, त्यांना दुकानातला कपडा चपखल बसतो. चार फूट अकरा इंच उंचीच्या, पावणेसहा फुटांच्या किंवा अंगाने भरलेल्या बाईला मात्र ट्रायल रूममधून हिरमुसून बाहेर यावं लागतं आणि दोष आपल्याच शरीराचा आहे असं वाटू लागतं. दोष त्या गृहीतकाचा असतो.

ते कसं घडतं, हे कापडाच्या टेबलाशी उभं राहिल्यावर कळतं. कंपनी आधी एकाच मापाचा, बहुतेकदा ‘एम’चा, कागदी नमुना तयार करते आणि तो एका ठरावीक बांध्याच्या मॉडेलवर बसवून पाहते. त्यानंतर प्रत्येक पुढच्या साइजला छाती दोन इंचांनी वाढवली जाते आणि तिच्याबरोबर खांदा साधारण अर्ध्या इंचाने. या वाढवत नेण्याला या धंद्यात ग्रेडिंग म्हणतात. एक-दोन पायऱ्यांपर्यंत ते ठीक चालतं. पण ३८ छातीच्या ‘एम’पासून ४८ च्या फोरएक्सएलपर्यंत पाच पायऱ्या होतात आणि खांदा अडीच इंचांनी रुंदावतो. वजन वाढलं म्हणून माणसाच्या खांद्याची हाडं काही अडीच इंच लांब होत नाहीत. म्हणून मोठ्या साइजचा कुर्ता गळ्याशी फाकतो, खांद्यावरून घसरतो, आणि त्याच वेळी दंडाला मात्र आवळतो. कारण दंड जितका भरतो तितकी बाही रुंद केलेली नसते.

उंचीचंही तसंच. अमेरिकी बाजारात साधारण पाच फूट चार इंचांपर्यंतच्या स्त्रीला ‘पेटीट’ धरतात. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. त्या व्याख्येने पाहिलं तर आपल्याकडच्या बहुसंख्य बायका पेटीटच ठरतात. तरीही आपल्या दुकानांत पेटीटचा वेगळा रॅक क्वचितच दिसतो आणि ऑनलाइन दिसणारा कुर्ता कितीतरी उंच मॉडेलच्या अंगावर असतो.

मापांचे तक्ते कुणाच्या शरीरावरून तयार झाले, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. तिथल्या प्रमाण-साइजच्या पुढच्या प्रयत्नांना त्याच मापांचा मोठा आधार होता. त्या पाहणीत गोऱ्या स्त्रियांचीच मापं जमेस धरली गेली होती. भारताचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून ‘निफ्ट’ने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. देशाच्या सहा भागांतल्या पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी होती. पण आज बाजारातला प्रत्येक ब्रँड आपापल्या तक्त्यावरच चालतो. म्हणून तक्ता वाचायचा कसा, हे गिऱ्हाइकालाच शिकावं लागतं.

पहिली गाठ इथेच पडते. ऑनलाइन तक्त्यात ‘छाती ४२’ असं लिहिलेलं असतं, ते अंगाचं माप की कपड्याचं? दोन्ही प्रकारचे तक्ते सर्रास दिसतात; काही संकेतस्थळांवर दोन्ही शेजारी-शेजारीही असतात. या दोहोंतलं अंतर म्हणजे शिंपी ज्याला ‘लूजिंग’ म्हणतात ते. न ताणणाऱ्या सुती किंवा रेयॉनच्या कुर्त्यात छातीला किमान दोन इंच लूजिंग लागतं. मोकळा कुर्ता आवडत असेल तर तीन-चार इंच. होजिअरीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला ते जवळजवळ लागत नाही. तक्त्यावर ‘टू फिट’ किंवा ‘बॉडी’ असं लिहिलं असेल तर ते अंगाचं माप; ‘गारमेंट’ लिहिलं असेल तर कपड्याचं. काहीच लिहिलेलं नसेल, तर तक्त्यात ‘फ्रंट लेंग्थ’ आणि ‘अक्रॉस शोल्डर’ असे रकाने आहेत का ते पाहावं. कुर्त्याची लांबी ही कपड्याचीच असू शकते, त्यामुळे शेजारची छातीही बहुधा कपड्याचीच असते.

यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे अंग मोजण्याऐवजी कपाटातला नीट बसणारा कुर्ता मोजणं. कुर्ता पलंगावर सपाट पसरायचा आणि टेपने पाच मापं घ्यायची: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंतचं अंतर, काखेशी बाहीची रुंदी, खांद्यापासून साइड-कट जिथे सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर आणि पूर्ण उंची. कापड नव्या कुर्त्यासारखंच हवं. होजिअरीच्या टॉपवरून सुती कुर्त्याचा अंदाज बांधला तर फसगत होते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, बाईंची उंची चार फूट अकरा इंच, छाती ४१, सीट ४४ आणि दंड साडेतेरा इंच आहे. त्यांचा आवडता सुती कुर्ता काखेत सपाट २२ इंच भरतो, म्हणजे घेर ४४. खांदा साडेचौदा, काखेशी बाही पावणेआठ, साइड-कट खांद्यापासून १८ इंचांवर आणि उंची ४०. ऑनलाइन आवडलेल्या कुर्त्याच्या तक्त्यात कपड्याची मापं अशी आहेत: ‘एल’ची छाती ४२, खांदा साडेचौदा, ‘एक्सएल’ची ४४ आणि १५, ‘डबल एक्सएल’ची ४६ आणि साडेपंधरा. उंची सगळ्यांची ४६.

आपली छाती ४१, मग ४२ चा ‘एल’ चालेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्यात लूजिंग उरतं एकच इंच. बसताना पुढची पट्टी ताणली जाईल आणि बटणांमधून फट दिसेल. सैलच बरा म्हणून ‘डबल एक्सएल’ घेतला, तर खांदा एक इंचाने उतरेल. ‘एक्सएल’ची छाती कपाटातल्या कुर्त्याएवढीच आहे आणि खांदा अर्धाच इंच जास्त, जो चालून जातो. म्हणजे साइज ठरली.

उंचीचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. सहा इंच खालून कापून दुमड घातली की झालं, असं वाटतं; पण कुर्ता उंच बाईच्या हिशेबाने बेतलेला असल्याने त्याचा साइड-कट २१ इंचांवर सुरू होतो. तो या बाईंच्या सीटच्या खाली उघडेल. सीटवर बंद घेर येईल आणि बसताना कुर्ता पोटाशी गोळा होईल. कुर्त्याला कमरेला आकार दिलेला असेल, तर ती कमरही खाली सरकून सीटवर येईल. म्हणून कमी उंचीच्या बाईने सरळ कटाचा किंवा ए-लाइन कुर्ता निवडावा. सरळ कुर्त्याची बाजूची शिवण तीन इंच उसवून साइड-कट वर नेणं शिंप्याला अवघड नाही. कमरेला जोड असलेला अनारकली मात्र जवळजवळ पुन्हा शिवावा लागतो. खाली छापील किंवा भरतकामाचा काठ असेल तर तोही टाळलेला बरा, कारण पहिली कात्री त्याच काठावर चालते.

या सगळ्या निवडीमागे एकच हिशेब आहे: काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही. लांबी कमी होते, बाजू आत घेता येते, आत माया सोडलेली असेल तर थोडी सैलही करता येते. खांदा आणि मुंढा मात्र दुरुस्तीला फार जड. खांदा आत घ्यायचा तर बाही काढून मुंढा पुन्हा कापावा लागतो, आणि छोटा पडलेला मुंढा कापड कमी असल्याने सहसा वाढवता येत नाही. म्हणून साइज खांदा आणि काखेवरून ठरवावी. बाकीचं शिंप्याकडे सोपवता येतं.

उंच बाईची अडचण याच्या उलट आहे. तिची कंबर कुर्त्याच्या कमरेच्या खाली असते, बाही मनगटाच्या वर थांबते आणि खालच्या दुमडीत एखादा इंच मिळाला तर मिळाला. मोठी साइज घेऊनही फायदा नाही, कारण बहुतेक तक्त्यांत साइजबरोबर उंची वाढत नाही. वाढतो तो घेर. तिने उंचीचा रकाना आधी पाहावा, आणि पँट घेताना पायाच्या लांबीच्याही आधी आसन. आखूड पाय नडगीवर थांबतो, तो फॅशन म्हणून खपतो. आखूड आसन मात्र बसता-उठता कापतं.

भरलेल्या अंगासाठी खास रेंज असल्याचा दावा खरा की नुसता ताणलेला, हेही तक्त्यावरून बऱ्यापैकी ताडता येतं. शेवटच्या साइजपर्यंत खांदा त्याच अर्ध्या इंचाने वाढत असेल, तर ‘एम’चाच नमुना ओढत नेला आहे. मोठ्या मापांत छाती वाढूनही खांद्याची वाढ मंदावत असेल, तर त्या बांध्यासाठी नव्याने नमुना काढलेला असण्याची शक्यता जास्त. दंडाचं माप बहुतेक तक्त्यांत नसतंच. ते प्रश्नोत्तरांत विचारावं, नाहीतर गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंत बाही पाहावी: काखेतून छातीकडे तिरप्या सुरकुत्या दिसल्या तर मुंढा घट्ट आहे, छातीवर आडव्या दिसल्या तर घेर कमी आहे. मॉडेलच्या फोटोत हे दिसेलच असं नाही, कारण सैल कपडा पाठीमागे चिमटे लावून बसवलेला असू शकतो. परीक्षणांतही ‘छान आहे’पेक्षा उंची आणि घेतलेली साइज लिहिणाऱ्या बाईचं वाक्य जास्त कामाचं.

कुर्ता घरी आल्यावर आधी पुन्हा तीच मापं घ्यावीत. कापडाचे थर एकावर एक रचून कापतात, त्यामुळे एकाच साइजच्या दोन नगांत अर्ध्या इंचाचा फरक पडतो. मग नेहमीच्या अंतर्वस्त्रांवर घालून हात वर करायचा, खुर्चीत बसायचं, दोन्ही हात पुढे घेऊन पाठ ताणते का पाहायचं. पट्टी तोवर काढायची नाही. ठेवायचं ठरलं की शिंप्याकडे जाण्याआधी कुर्ता एकदा धुऊन वाळवावा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं, म्हणजे ४६ इंचांचा कुर्ता दीड-दोन इंचांनीही आखूड होऊ शकतो. सहा इंच आधीच कापले असते, तर या बाईंचा ४० इंचांचा कुर्ता पहिल्या धुण्यानंतर ३८-३९ इंचांवर आला असता. धुऊन मग कापला, तर साधारण साडेचार इंचच कापावे लागतात.