बोलण्याआधीचे लेखन : भाग चौथा – शीर्षकात एकच वचन

गेल्या आठवड्यात आपण विषय निवडला. या आठवड्यात तो निवड समितीपुढे मांडायचा आहे, आणि त्यासाठी हातात आहे एक शीर्षक आणि शे-सव्वाशे शब्दांचा गोषवारा. टॉकची सगळी तयारी मनात असते, स्लाइड्सही अर्ध्या झालेल्या असतात, पण समितीला त्यातले काहीच दिसत नाही. तिच्यासमोर असते फक्त हे लिखाण.

समिती वाचते कशी, ते आधी पाहू. आपल्याकडे पायकॉन इंडिया २००९ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली. तिथे अनेक वर्षे आलेले प्रस्ताव सर्वांना दिसतील असे उघडे ठेवले जात आणि लोक त्यांवर मत देत. मग परीक्षक बसत. काही परिषदांत पहिल्या फेरीत वक्त्याचे नावही झाकलेले असते. पद्धत कोणतीही असो, वाचणारी माणसे स्वतःची नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर, एकापाठोपाठ एक प्रस्ताव उघडत असतात. मी असे गठ्ठे वाचले आहेत. प्रत्येक प्रस्ताव वाचताना मनात एकच प्रश्न येतो : हे ऐकून उठणाऱ्या माणसाला, आत येताना जमत नव्हते असे काय जमेल? उत्तर शीर्षकात अर्धे आणि गोषवाऱ्यात पूर्ण सापडले, तर तो प्रस्ताव पुढच्या चर्चेत जातो. सापडले नाही, तर वक्ता कितीही जाणकार असला तरी समितीपाशी त्याच्या बाजूने बोलायला शब्द उरत नाहीत. चर्चेत परीक्षकाला तुमचा टॉक दुसऱ्या परीक्षकाला एका वाक्यात सांगावा लागतो. ते वाक्य तुम्ही लिहून दिलेले नसेल, तर तो स्वतःचे बनवतो आणि ते बहुधा चुकीचे असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. समजा, डोंबिवलीत राहणारी एक प्रोग्रामर आहे. नोकरी ऐरोलीला, पण रविवारी ती एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे काम हौसेने करते. आपला हा पट्टा वाचनालयांचा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. जुन्या वाचनालयाची सूची संगणकावर येते तेव्हा ती एका माणसाने एका बैठकीत टंकलेली नसते. वर्षानुवर्षे वेगवेगळे हात, वेगवेगळे कळफलक. आमच्या प्रोग्रामरला आढळले की सूचीत ‘कादंबऱ्या’ असे शोधले की काही पुस्तके येतात आणि काही, शीर्षकात तोच शब्द डोळ्यांना दिसत असूनही, येत नाहीत.

कारण खरे आणि अगदी मराठीचे आहे. ‘कादंबऱ्या’मधला अर्धा ऱ् संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, U+0931, आणि पुढे हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्याला स्वतःची कळ आहे. दोन, साधा र, खाली नुक्ता म्हणजे U+093C, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे U+200D हे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारी काही साधने असे करतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पायथॉन मात्र त्यांना तीन वेगळे शब्द मानतो. युनिकोडचे प्रमाणित रूपांतर, ज्याला एनएफसी म्हणतात, पहिली दोन रूपे एक करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही. म्हणून तिने हे लिहिले :

```python
import unicodedata

def ekrup(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return unicodedata.normalize("NFC", s)
```

सूचीतली नोंद आणि वाचकाने टंकलेला शब्द, दोन्ही या फंक्शनमधून नेऊन मग जुळवले की पुस्तके सापडू लागतात. टॉकसाठी याहून नेमका ऐवज मिळणे कठीण. आता तिचे पहिले शीर्षक पाहा : ‘पायथॉन आणि भारतीय भाषा : आव्हाने आणि संधी’.

या शीर्षकाखाली भाषांतरही बसेल, आवाज ओळखणेही बसेल, फॉन्टही बसतील. ते प्रदेश सांगते, त्यातली वाट सांगत नाही. असे शीर्षक का सुचते तेही समजून घ्यायला हवे. लिहिणाऱ्याला भीती असते की एका अक्षरावरचा टॉक समितीला फार लहान वाटेल, मराठीपुरता वाटेल. म्हणून विषय फुगवला जातो. परीक्षकाला मात्र त्या फुगवट्यात उलटेच दिसते : अर्ध्या तासात एवढे सगळे सांगणार म्हणजे काहीच नीट सांगणार नाही. हिशेब सोपा आहे. तीस मिनिटांतली पाच प्रश्नोत्तरांची, दोन-तीन मिनिटे ओळख आणि पडदा जुळवण्यात जातात. उरलेल्या वेळात एक गोष्ट दाखवता येते, चालवून पाहता येते आणि तिच्या मर्यादा सांगता येतात. दुसरी गोष्ट घेतली की पहिली अर्धवट राहते.

तिचे दुसरे शीर्षक होते ‘दिसते तसे नसते’. सुंदर आहे, आणि सभागृहात पहिल्या स्लाइडवर शोभेलही. पण समितीच्या यादीत ते इतर शीर्षकांच्या मध्ये एकटे उभे असते, सोबत गोषवारा नसतो. त्यावरून हा टॉक सुरक्षेचा आहे, आकडेवारीचा की चित्रांचा, हे कळत नाही.

म्हणून शीर्षक बाजूला ठेवून आधी एक वाक्य पूर्ण करायचे : ‘हा टॉक ऐकून श्रोत्याला ______ करता येईल.’ रिकाम्या जागी ‘समजेल’, ‘ओळख होईल’, ‘जाणीव होईल’ असे क्रियापद आले तर ते खोडा. सोमवारी कामावर बसून करता येईल, आणि केले की नाही हे दुसऱ्याला पाहता येईल, असेच क्रियापद चालते. आमच्या प्रोग्रामरचे वाक्य झाले : ‘आपल्या डेटाबेसमधल्या मराठी मजकुरात ऱ् वेगवेगळ्या रूपांत साठवला आहे का, हे तपासून तो एकरूप करता येईल.’ या वाक्यातून शीर्षक आपोआप निघाले : ‘“कादंबऱ्या” शोधात का सापडत नाहीत? ऱ्-ची तीन रूपे पायथॉनमध्ये एक करणे’. पहिल्या भागात अडचण, दुसऱ्यात वचन. ‘तीन’ हा आकडाही कामाचा आहे; परीक्षकाला कळते की वक्त्याने मोजून पाहिले आहे. फॉर्म इंग्रजीत भरायचा असला तरी वाक्य आधी मराठीत पक्के करावे. जे मराठीत एका दमात सांगता येत नाही, ते इंग्रजीत फक्त झाकले जाते.

मग गोषवारा. तिचा पहिला मसुदा ‘आजच्या डिजिटल युगात भारतीय भाषांचे महत्त्व वाढत आहे’ असा सुरू झाला होता. हे वाक्य कोणत्याही प्रस्तावावर चिकटवता येईल, आणि परीक्षकाचे सर्वांत ताजे लक्ष नेमके तिथेच खर्च होते. शेवटी होते, ‘यावर उपाय काय, हे जाणून घेण्यासाठी अवश्य या.’ श्रोत्यांसाठी उत्सुकता राखून ठेवणे एक वेळ ठीक, पण समितीपासून उत्तर लपवले की तिला वाटते, उत्तर अजून सापडलेले नाही. समितीला शेवट आधी सांगावा. तिला उपाय पटला तरच ती तो इतरांना ऐकवील.

शेवटी ठरलेला गोषवारा असा :

‘मराठीत “कादंबऱ्या” हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठवला जातो. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण पायथॉन त्यांना वेगळे मानतो आणि शोध अपुरा येतो. एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीत ही अडचण आली, तेव्हा एनएफसी रूपांतराने दोनच रूपे एक झाली; तिसऱ्यासाठी एक जादा नियम लावावा लागला. या टॉकमध्ये तिन्ही रूपे कोडपॉइंटसह पाहू, एनएफसी कुठे थांबते ते चालवून पाहू आणि दोन ओळींत दुरुस्ती करू. श्रोत्याला आपल्या डेटाबेसमध्ये ही अडचण तपासून दूर करता येईल. तपासण्याची हीच रीत हिंदीतल्या ड़ सारख्या अक्षरांनाही लागू होते. अदृश्य जोडचिन्ह आधीच गळून गेलेला मजकूर या उपायाने सुधारत नाही; त्याचे कारण शेवटी सांगितले जाईल. पायथॉनमध्ये स्ट्रिंग हाताळता येणे एवढी पूर्वतयारी पुरे.’

यातल्या तीन जागा मला मोलाच्या वाटतात. वाचनालयाचा उल्लेख एका ओळीचाच आहे, पण नाव झाकलेले असतानाही त्यावरून कळते की काम प्रत्यक्ष केलेले आहे. हिंदीचे वाक्य ‘मराठीपुरते आहे’ या शंकेला उत्तर देते, तेही शीर्षक न फुगवता. आणि ते खरे आहे : हिंदीत ड़ एकच कोडपॉइंट म्हणून किंवा ड आणि नुक्ता असे दोन म्हणून साठवलेला असू शकतो, आणि एनएफसी दोन्हींना एक करते.

तिसरी जागा मर्यादेची. नवे वक्ते ती लिहायला बिचकतात, आपल्या टॉकची किंमत कमी होईल म्हणून. अनुभवी परीक्षक तीच शोधतो. काही प्रणाल्या मजकूर साफ करताना अदृश्य जोडचिन्ह काढून टाकतात. मग ऱ्य-च्या जागी रफार उरतो आणि ‘आचाऱ्यांना’ लिहिलेले ‘आचार्यांना’ होते. स्वयंपाकी की गुरू, हे अक्षरांवरून ठरवता येत नाही. वाक्य वाचावे लागते. तिथे दोन ओळींच्या नियमाला बदलण्यासारखे काही सापडत नाही, आणि सरसकट प्रत्येक र्य-चा ऱ्य केला तर बरोबर असलेले शब्दही बिघडतील. ही मर्यादा जिने लिहिली, तिने उपाय खऱ्या मजकुरावर घासून पाहिला आहे, एवढे समितीला पुरते.

पाठवण्याआधी एक तपासणी अवश्य करा. फक्त शीर्षक, गोषवारा नाही, अशा दोघांना दाखवा ज्यांना तुमचे काम ठाऊक नाही. एक तुमच्या क्षेत्रातला, एक थोडा बाहेरचा. ‘चांगले आहे का’ असे विचारू नका, लोक हो म्हणतात. ‘यातून तुला काय करता येईल असे वाटते?’ असे विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दोघांची उत्तरे तुमच्या वाक्याजवळ आली तर शीर्षक झाले. दोघे वेगवेगळे बोलले तर शीर्षकात दोन वचने आहेत, एक काढा. आणि दोघांनीही नुसते विषयाचे नाव परत सांगितले तर वचन अजून आलेलेच नाही. मग पुन्हा त्या रिकाम्या जागेपाशी जा.

पुढच्या भागात याच टॉकचा मिनिटांनुसार आराखडा करू. तोवर तुमच्या विषयाचे ते एक वाक्य पूर्ण करून कागदावर लिहून ठेवा. आराखड्याची प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून पाहायची आहे.